भिंतीशी तीस अंश

एकतीस वर्षं मी शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. कपाटं पुसायची, तारा गुंडाळायच्या, भिंगं मोजून घ्यायची, फुटलेल्या परीक्षानळ्यांवरून रसायनवाल्यांशी भांडायचं. माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. पण एकतीस वर्षं एकच धडा कानावर पडला तर दगडालाही पाठ होईल, आणि मी काही दगड नव्हतो. पेंडुलम, ओहमचा नियम, उतरत्या फळीवरची गाडी, सगळं मला येत होतं. फक्त ते मला येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे मला मामा म्हणायचे. मामाला काय विचारायचं, मामाकडून चहा मागवायचा.

या एकतीस वर्षांत चौदा शिक्षक आले नि गेले. एक सर होते, त्यांना स्वतःच्याच प्रयोगाचा धक्का बसायचा आणि ते दरवेळी नव्याने आश्चर्यचकित व्हायचे. दुसरे एक चुंबक खिशात ठेवून घरी न्यायचे आणि घड्याळ बंद पडलं म्हणून माझ्यावर ओरडायचे. पण मला सांगायचं आहे ते काटकोनबाईंबद्दल.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. का, ते सांगतो. फळ्यावर कुठलंही गणित आलं की बाई आधी खडू उचलून विचारायच्या, "काटकोन कुठंय?" मुलं म्हणायची, बाई, सरळ सूत्र सांगा ना. बाई म्हणायच्या, "सूत्र मला आठवत नाही. काटकोन दाखवा, मग आपण मिळून शोधू." मुलांना वाटायचं बाई थट्टा करतात. पण ते अक्षरशः खरं होतं. बाईंना साईन कुठे आणि कॉस कुठे हे पाठच नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला उतरत्या पृष्ठभागाच्या गणितात त्यांनी दोन्हींची अदलाबदल केली होती. उतारावर खाली ओढणाऱ्या बलाला कॉस लावला, पृष्ठभागावर दाबणाऱ्याला साईन, आणि एका विषयात नापास होऊन वर्ष गेलं. तेव्हापासून त्यांनी पाठांतराशी बोलणंच टाकलं. दरवेळी नवा त्रिकोण. वजन सरळ खाली, त्याचे दोन तुकडे, एक उताराच्या बाजूने, एक उताराला लंब. मग कोन शोधायचा, कोनाला चिकटलेली बाजू म्हणजे कॉस, समोरची म्हणजे साईन. एवढंसं गणित, पण बाईंना त्याला दोन मिनिटं लागायची. बाकीचे सर लोक तेवढ्यात तीन गणितं संपवायचे.

आणि बाई घाबरट. म्हणजे किती, तर घाबरट या शब्दाला कमीपणा यावा इतक्या. खोलीचं दार लावलं की परत येऊन ओढून बघायच्या. हजेरीपुस्तकात सही केली की तारीख दोनदा वाचायच्या. मुख्याध्यापकांच्या खोलीतून निरोप आला की वाचायच्या आधीच पांढऱ्या पडायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, अहो निरोप पंख्याच्या दुरुस्तीचा आहे." तर म्हणाल्या, "मामा, तुम्ही आधी वाचा. मला काढलंय का एवढंच सांगा."

त्यांचंही चुकत नव्हतं. बाई कायम नव्हत्या. आधी दोन शाळांतून तीन-तीन वर्षं पुरी व्हायच्या आत त्यांना निरोप मिळाला होता. आमच्याकडे तिसरं वर्ष संपत आलं होतं. महिनाअखेरीला त्यांचा गोपनीय अहवाल वर जाणार आणि त्यावर त्या कायम होणार किंवा घरी जाणार. अहवाल लिहिणार होते मोठे सर.

मोठे सर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, भौतिकशास्त्राचेच. मुलांच्या हातातली मार्गदर्शिका त्यांनीच लिहिलेली. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा की दोन वर्ग पलीकडचा गोंगाट थांबायचा. मागून त्यांना सगळे 'फर्मान' म्हणायचे. मी पण म्हणायचो, पण कपाटात तोंड घालून.

त्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेच्या पेपर-तपासणीचं एक केंद्र आमच्या शाळेत आलं. मोठे सर मुख्य परीक्षक. एवढंच नाही, भौतिकशास्त्राचं नमुना उत्तर, म्हणजे कुठल्या पायरीला किती गुण ते सांगणारा कागद, बोर्डाने त्यांच्याकडूनच करून घेतला होता. तो अकरा केंद्रांवर गेला होता. आमच्या सभागृहात सात परीक्षक बसले, त्यांत काटकोनबाई सगळ्यांत नवीन. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला प्रयोगशाळा दिली. कुलपाची किल्ली माझ्याकडे, पण अट अशी की मोठे सर समोर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. गठ्ठ्याला हात लागला, सील फाटलं, तर नोकरी गेलीच, वर पोलीस. मला ती किल्ली खिशात निखाऱ्यासारखी वाटायची.

पहिल्या दिवशी सरांनी नमुना उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. पाचव्या प्रश्नाशी आले. प्रश्न असा होता. एक गुळगुळीत फळी उभ्या भिंतीला टेकवली आहे, ती भिंतीशी तीस अंशाचा कोन करते. तिच्यावर दोन किलोचा ठोकळा फळीला समांतर दोरीने बांधून स्थिर धरला आहे. दोरीतला ताण किती आणि फळी ठोकळ्याला किती बलाने रेटते? गुरुत्वत्वरण दहा धरा.

"वजन वीस न्यूटन," सर म्हणाले. "ताण म्हणजे वीस गुणिले साईन तीस, दहा. लंब बल वीस गुणिले कॉस तीस, सतरा पूर्णांक तीन. चार गुण. शेंबड्या पोरालाही येतं, त्यामुळे इथे दयामाया नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या, लाल पेनं चालू झाली. मी दाराशी उभा होतो, मीही मान डोलावली. उतारावरच्या फळीला साईन, हे मला तरी दुसरं काय माहीत होतं?

बाई त्या दिवशी चाळीस-बेचाळीस पेपर तपासून गेल्या. नमुना उत्तराशी ताडून. नवीन परीक्षक, काटेकोर, घाबरलेली. कागदाशी जुळलं तर चार, नाही जुळलं तर शून्य.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास दाढीवाले सर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून आलेले एक परीक्षक, आळस देत म्हणाले, "यंदा गंमत बघा. ज्या पोरांचे बाकीचे सगळे प्रश्न बरोबर, नेमकी तीच पाचव्यात आपटतायत. ढ मुलं मात्र चार-चार गुण घेऊन जातायत. जमाना उलटा झाला!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्यामागे होतो. त्यांच्या समोर एक उत्तरपत्रिका उघडी होती. त्या पोराने किंवा पोरीने पाचव्या प्रश्नाला समासात नखाएवढी आकृती काढली होती. भिंत, फळी, कोन वरच्या बाजूला भिंत नि फळीच्या मध्ये, आणि वजनाचा बाण सरळ खाली. आणि त्या बाणाजवळ पुन्हा तोच तीस. ताण, वीस कॉस तीस, सतरा पूर्णांक तीन. बाईंनी त्यावर लाल पेनाने मोठं शून्य दिलं होतं. त्या शून्याकडे त्या अशा पाहत होत्या जसं की ते हलेल.

मग त्यांनी पेन्सिल काढली. ठाऊकच होतं मला, काटकोन शोधणार. कोऱ्या कागदावर भिंत काढली, फळी काढली, वजन काढलं. भिंत उभी, वजनाचा बाणही उभा. दोन उभ्या रेषा एकमेकींना समांतर, त्यांना छेदणारी फळी एकच, तेव्हा फळीचा भिंतीशी जो कोन तोच वजनाशी. वजन आणि फळी यांच्यामध्ये तीस अंश. म्हणजे फळीच्या बाजूचा तुकडा कोनाला चिकटलेला. चिकटलेला म्हणजे कॉस. त्यांनी कागद फिरवला, परत काढलं. परत तेच. तिसऱ्यांदा काढताना पेन्सिलीचं टोक तुटलं.

"बाई, पाणी," मी म्हटलं.

"मामा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "मला जरा बाहेर यायचंय."

बाहेर व्हरांड्यात त्या खांबाला टेकल्या. "माझं परत तेच झालंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा झालं होतं तसं. माझ्या डोक्यात साईन-कॉस उलटे झालेत. मोठे सर चुकतील का? मार्गदर्शिका त्यांची, सहा परीक्षक बसलेत आत, कुणाला काही दिसत नाही, आणि मलाच दिसतंय. म्हणजे मीच चुकतेय ना?"

"सरांना विचारा की."

"काय विचारू? तुमचं चुकलं म्हणून? आणि माझंच चुकलेलं निघालं तर? वीस दिवसांनी ते अहवाल लिहिणार. लिहितील, हिला साईन-कॉस कळत नाही. भौतिकशास्त्राच्या बाईला! तिसरी शाळा, मामा. चौथी कोण देईल मला?"

"मग गप्प बसा."

"आणि ती पोरं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "पाच वाजता गाडी येते. तपासलेले गठ्ठे सील होऊन जातात. एकदा गेले की गेले."

मला काय बुद्धी सुचली देव जाणे. मी म्हटलं, "बाई, कागदावर तुमचा विश्वास नाही, डोक्यावर नाही. फळी तर आहे ना आपल्याकडे. गाडी आहे, स्प्रिंगचा काटा आहे. काटा काही साईन-कॉस शिकलेला नाही, तो बघून सांगेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या खिशाकडे. फळी कुठे होती? प्रयोगशाळेत. गठ्ठ्यांच्या खोलीत.

"नको," त्या म्हणाल्या.

"नको तर नको," मी म्हटलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत गेले. मी प्रयोगशाळेच्या दारासमोर स्टूल टाकून बसलो होतो. बाई आल्या. कुलपाकडे पाहत उभ्या राहिल्या. मी किल्ली काढली. ती कुलपात जाईना. दोन्ही हातांनी धरून घातली तेव्हा गेली.

आत गठ्ठे रांगेत, प्रत्येकावर लाखेचं सील. आम्ही त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिलो, जसं काही गठ्ठेच आमच्यावर नजर ठेवून होते. मी चार फुटी फळी काढली. बाई कुजबुजल्या, "फळीचा तळ भिंतीपासून दोन फुटांवर ठेवा. लांबीच्या निम्मं अंतर म्हणजे भिंतीशी तीस अंश." मी टेपने मोजून ठेवलं, वर कोनमापक लावला. तीस.

आधी एक किलोची गाडी काट्याला नुसती टांगली. काटा दहाच्या किंचित खाली. बरोबर, दहा न्यूटन वजन. आता फळीच्या वरच्या खिळ्याला काटा अडकवला, काट्याला गाडी, फळीच्या बाजूने. सरांचं उत्तर खरं असेल तर काटा निम्म्यावर, पाचच्या आसपास थांबायला हवा. बाईंचं खरं असेल तर साडेआठच्या जवळ.

मी गाडी सोडणार, तोच शेजारच्या खोलीचं दार खडखडलं.

मी गाडी हातातच धरून ठेवली. "मामा!" दाढीवाल्या सरांचा आवाज. "अहो मामा, चहाचं काय झालं?"

बाईंनी माझ्या बाहीला घट्ट धरलं. आतून कडी लावलेली होती, पण बाहेरचं कुलूप दारावर नव्हतं. त्यांनी पाहिलं तर संपलं. बायको, दोन मुलं, घरभाडं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"मामा झोपलेत कुठेतरी," ते कुणाला तरी म्हणाले. "वयच झालंय." पावलं लांब गेली. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं, पण त्या वेळी मला ते चव्वेचाळीस पार साठ वाटले.

मी गाडी सोडली. काटा खाली गेला, हलला, दोनदा थरथरला आणि थांबला. साडेआठ.

बाई काट्याच्या अगदी जवळ गेल्या. मग गाडी काढली, परत लावली. साडेआठ. मी टेप परत लावला, दोन फूट. बाईंचा चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. उलट त्या खाली बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आवाज असा की कुणी मेल्याची बातमी सांगावी. "आता बोलावंच लागेल."

म्हणजे पहा, चुकलेली असती तर बिचारी गप्प बसून सुटली असती.

आम्ही सामान आवरायच्या घाईत होतो, पण घड्याळात दोन वाजायला आले. फळी तशीच भिंतीशी राहिली, काटा-गाडी तशीच. दार लावून मी कुलूप घातलं. बाई परत आल्या नि कुलूप ओढून पाहिलं. दोनदा.

सभागृहात सगळे जागेवर बसत होते. मोठे सर व्यासपीठाजवळच्या टेबलाशी. बाई तिथे गेल्या आणि हातातला कागद पुढे केला. मी पाण्याचा जग घेऊन मागे. जग भरलेला होता, पण कुणाला पाणी नको होतं.

"काय?"

"सर, पाचवा प्रश्न. कोन... भिंतीशी दिलाय."

"मग?"

"जमिनीशी नाही. म्हणून ताण... कॉस येतो, सर."

मोठ्या सरांनी कागद घेतलाच नाही. "बाई, उताराच्या बाजूने नेहमी साईन येतो. तीस वर्षं शिकवतोय मी. तुम्ही किती?"

"आठ, सर."

"आठ वर्षांत एवढंही बसलं नाही?"

सभागृहात पेनं थांबली. दाढीवाले सर म्हणाले, "अहो बाई, हे सूत्र पोरं झोपेत म्हणतात!" कुणीतरी खुदकन हसलं.

बाईंच्या मानेवर लाल डाग उठले. मला वाटलं, आता सॉरी म्हणून फिरणार. त्या फिरल्या नाहीत. नुसता कागद धरून उभ्या. मग एकदम म्हणाल्या, "सर, मी मोजून पाहिलं."

"मोजून? कुठे मोजून?"

बाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. मला कळलं आता काय येणार. "प्रयोगशाळेत," त्या म्हणाल्या.

मोठे सर सावकाश उठले. "गठ्ठ्यांच्या खोलीत? तुम्ही? माझ्याशिवाय?"

"कुलूप मी उघडलं, सर," मी म्हटलं.

सर तडक निघाले. आम्ही दोघं मागे. व्हरांड्यातून चालताना मला त्यांच्या बुटांचा आवाज आठवतो, आणि बाईंचा श्वास. मी किल्ली दिली. सरांनी दार उघडलं आणि आधी गठ्ठे मोजले. एकेका सीलवर बोट फिरवलं. एक, दोन, तीन... सत्तावीस. सत्तावीसच्या सत्तावीस शाबूत. तरी त्यांचा चेहरा सैल झाला नाही.

मग त्यांनी फळीकडे पाहिलं. गाडी, काटा, साडेआठ.

"वजन?"

"एक किलो, सर. टांगलं तर दहाच्या जरा खाली."

सर जवळ गेले. काट्याला टिचकी मारली, जसं सगळे भौतिकशास्त्रवाले मारतात. काटा हलून परत साडेआठवर आला. त्यांनी कोनमापक स्वतः लावला. तीस, भिंतीशी. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. फळीचा तळ धरून हळूच भिंतीकडे सरकवला.

काटा वर चढला. नऊ. आणखी सरकवला. साडेनऊ. फळी जवळजवळ उभी झाली तसा काटा पुन्हा जिथे गाडी नुसती टांगली होती तिथे आला.

सरांचा हात फळीवरच राहिला. मी लॅबमधला माणूस, पण मलाही समजलं. त्यांच्या उत्तराप्रमाणे भिंतीशी कोन जितका कमी तितका साईन कमी, तितका ताण कमी. फळी पार भिंतीला चिकटली की कोन शून्य, साईन शून्य, ताण शून्य. म्हणजे उभ्या फळीवर गाडी दोरीशिवाय हवेत थांबणार! आणि इथे काटा सरळ सांगत होता की सगळं वजन दोरीवर.

"तीस," सर पुटपुटले. "मी तीस पाहिलं आणि हात आपोआप चालला. भिंत वाचलीच नाही." आणि मग मी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं जे तोवर कधी पाहिलं नव्हतं. मोठे सर घाबरले होते. "अकरा केंद्रं," ते म्हणाले. "काल संध्याकाळी दोन केंद्रांची गाडी निघूनही गेली. आपल्याकडून किती गठ्ठे गेले?"

"कालचे सहा, सर," मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले. त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. बाई भिंतीशी उभ्या, मी दाराशी. तिघांत सगळ्यांत जास्त कोण घाबरलं होतं, सांगता येणार नाही.

"सर," बाई म्हणाल्या, "कालचे माझे पेपरही तसेच गेलेत. मीही शून्य दिलं. मला आधी दिसायला हवं होतं."

सरांनी मान वर केली. मला वाटलं आता बाईंवर ढकलतील, सोपं होतं ते, नवीन बाई, खोली उघडली, आरोप करायला एवढं पुरेसं होतं. ते म्हणाले, "कागद द्या. तुम्ही सांगा, मी लिहितो. माझा हात सवयीने साईनच लिहील, पण सही माझीच हवी."

मग बाईंनी पायरी सांगितली, सरांनी लिहिली. कोन उभ्या दिशेशी, म्हणून फळीच्या बाजूचा घटक वीस कॉस तीस, सतरा पूर्णांक तीन, दोन गुण. लंब घटक वीस साईन तीस, दहा, दोन गुण. ज्याने आधी साठ अंश काढून वीस साईन साठ लिहिलं, त्यालाही पूर्ण. बाई मध्येच थांबल्या, "एकदा त्रिकोण काढून पाहू का?" सर म्हणाले, "काढा." आणि सरांनीही काढला. दोघांचे त्रिकोण सारखे निघाले तेव्हा कुठे सरांनी आपल्या खोलीत जाऊन फोन उचलला.

बोर्डाच्या माणसाला ते म्हणाले, "चूक माझी आहे. गाड्या थांबवा." पलीकडून काय आलं ऐकू आलं नाही, पण सरांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. नंतर त्यांनी दहा केंद्रांना एकेक फोन केला. प्रत्येकाला तेच वाक्य, चूक माझी आहे. पाचव्या फोनला आवाज बसला, मी पाणी दिलं. त्या दिवशी माझ्या जगमधलं पाणी पहिल्यांदा कुणाला तरी हवं होतं.

सभागृहात आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर नवीन पायरी वाचली. दाढीवाले सर म्हणाले, "म्हणजे ती हुशार पोरं..."

"हो," सर म्हणाले. "ती बरोबर होती. बसा आणि उघडा परत."

पाच वाजता गाडी आली ती रिकामीच परत गेली. कालचे सहा गठ्ठे दुसऱ्या दिवशी परत आले, सील उघडून पुन्हा तपासले. ते सगळ्यांना नकोसं झालं होतं. लाल पेनाने दिलेलं शून्य खोडून चार लिहायचं, आणि चार खोडून शून्य, दोन्हीला सह्या. चार खोडताना बाईंना त्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास झाला. "त्या पोरांना वाटलं असेल आपण बरोबर," त्या म्हणत होत्या. सर त्यांच्या शेजारच्या बाकावर, मुलांच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, आणि अधूनमधून, "हे काय लिहिलंय हो याने, बघा जरा," असं विचारत.

महिनाअखेरीला अहवालाचं पाकीट पोस्टात टाकायला माझ्या हाती आलं. खोटं कशाला बोलू, मी ते खिडकीशी उजेडाला धरून पाहिलं. कागद जाड निघाला. बाईंना सांगितलं तर त्या मलाच रागावल्या, आणि मग हळूच विचारलं, "काहीच दिसलं नाही का?"

कायम केल्याचा आदेश सव्वा महिन्याने आला. मी तो स्वतः बाईंच्या हाती दिला. त्यांनी बसून वाचला, उभ्याने वाचला, खिडकीशी जाऊन वाचला. मला वाटलं आता हसतील.

"मामा," त्या म्हणाल्या, "माझ्या नावाच्या आधी 'श्रीमती' लिहिलंय, ते बरोबर आहे ना? दुसरी कुणी तर नाही ना या नावाची?"

मी म्हटलं, "बाई, अख्ख्या जिल्ह्यात काटकोनबाई एकच."

हे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी घाबरलो.